कपाटातली तांब्याची कुऱ्हाड: एका विद्यार्थिनीच्या पत्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान संग्रहालयात तांब्याची एक चपटी कुऱ्हाड मांडलेली आहे. दांडा बसवायला भोक नाही, धार चंद्रकोरीसारखी बाहेर फाकलेली, मागची बाजू अरुंद. लांबी १४.२ सेंटीमीटर, धारेपाशी रुंदी ७.८, मागे ४.६, मध्यावर जाडी ११ मिलिमीटर आणि वजन ६१२ ग्रॅम. एका बाजूवर गडद हिरवे, घट्ट पुट आहे. दुसरी बाजू मात्र तांबूस आणि बरीच उघडी दिसते. शेजारच्या पाटीवर एवढेच: ‘तांब्याची कुऱ्हाड. ताम्रपाषाण युग, इ.स.पू. १५००. साच्यात ओतलेली.’

द्वितीय वर्षाला रसायनशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने ही पाटी वाचली आणि घरी जाऊन अभिरक्षकांना दोन पानी पत्र लिहिले. पत्रातला कामाचा भाग असा होता:

“मा. अभिरक्षक यांना सादर नमस्कार. आपल्या दालनातील कुऱ्हाडीबद्दल काही शंका आहेत. ती साच्यात ओतली हे कशावरून कळले? इ.स.पू. १५०० हे वर्ष कार्बन चाचणीने ठरवले आहे का? तांब्यात कार्बन नसतो, मग चाचणी कशाची केली? वरच्या हिरव्या थराची जाडी मोजून वय काढता येते का? आपली परवानगी असल्यास कुऱ्हाड पाण्यात बुडवून घनता काढावी, तसेच कानशीने घासून अर्धा ग्रॅम कीस मिळाल्यास आमच्या प्रयोगशाळेत त्याचे विश्लेषण करता येईल. ते जमत नसेल, तर ओळखीच्या सराफांकडे सोन्याची शुद्धता तपासायचे यंत्र आहे, त्यावर ठेवून बघता येईल.”

अडचण

असल्या पत्राला संग्रहालयाकडून सहसा माहितीपुस्तिका आणि दोन ओळींचे आभार जातात. इथे तसे करणे अवघड होते, कारण पत्रातल्या पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे संग्रहालयाकडे नव्हती. आवक नोंदवहीतली नोंद १९५०च्या दशकातली: ‘तांब्याची कुऱ्हाड, नग १, नदीकाठच्या शेतात नांगरताना मिळाली. देणगी. सोबत खापरे, एक पिशवी.’ उत्खनन झालेले नव्हते, थराची नोंद नव्हती, चाचणीचा कागद नव्हता. पाटीवरचे वर्ष कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर लिहिले याचा मागमूस नव्हता.

शिवाय ते वर्ष महाराष्ट्रातल्या क्रमाशीही नीट जुळत नव्हते. प्रवरेकाठच्या जोर्वे गावात १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तिथे अशाच चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि त्या गावावरून जोर्वे संस्कृती हे नाव पडले. तिचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १००० धरतात. घोडनदीकाठच्या इनामगावात तिचा उत्तर टप्पा इ.स.पू. ७००पर्यंत टिकला. इ.स.पू. १५०० म्हणजे त्याआधीचा माळवा संस्कृतीचा काळ. पाटी लिहिणाऱ्याला नेमके काय म्हणायचे होते? बहुधा काहीच नेमके म्हणायचे नसावे, गोल आकडा हाताशी आला एवढेच.

अभिरक्षकांनी पत्रातले प्रश्न आधी दोन ढिगांत वाटले, आणि पुढचे सगळे त्यामुळे सोपे झाले. वस्तू कशी घडवली याची खूण वस्तूच्या अंगावर आणि पोटात राहते. ती पन्नास वर्षे कपाटात पडून असली, तरी नीट पाहिल्यास वाचता येते. वस्तू केव्हा घडवली हे मात्र तांबे सांगत नाही. ते भोवतालच्या मातीतून, शेजारच्या खापरांतून, कोळशातून, दाण्यांतून कळते, आणि वस्तू नांगराच्या फाळाला लागून वर आली की तो शेजार तुटतो. दोन्हींचा तपास वेगळा आणि खात्रीची पातळीही वेगळी ठेवावी लागणार होती.

पर्यायांचा विचार

विद्यार्थिनीने सुचवलेले मार्ग एकेक करून तपासले गेले.

पाण्यात बुडवून घनता काढण्याचा प्रस्ताव सर्वांत आधी बाद झाला. जमिनीत राहिलेल्या तांब्याच्या पुटाखाली बहुधा क्लोराइड दडलेले असते. त्याला ओलावा आणि हवा मिळाली की फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी सुटू लागते आणि धातू आतून पोखरला जातो. म्हणून अशा वस्तू कोरड्या हवेत ठेवतात आणि हातमोजे घालूनच उचलतात. धोका पत्करून घनता काढली असती तरी उपयोग नव्हता. पुट धातूपेक्षा हलके असते, आत बुडबुडे असतात, त्यामुळे आकडा शुद्ध तांब्याच्या ८.९६पेक्षा कमी आला असता आणि तो कशामुळे कमी आला हे कळले नसते.

हिरव्या थराच्या जाडीवरून वय काढता येत नाही. पुट किती चढेल हे मातीतला ओलावा, क्षार आणि हवा यांवर ठरते. एकाच वयाच्या दोन वस्तूंपैकी खाऱ्या चिकणमातीतली पार कुजते, तर कोरड्या राखेतली जवळपास शाबूत राहते.

कानशीच्या किसाचा प्रस्ताव मोहात पाडणारा होता. अर्धा ग्रॅम म्हणजे फार वाटत नाही. पण कीस वरून निघतो, तो पुट आणि धातू यांची खिचडी असतो. खरा नमुना घ्यायचा तर बारीक ड्रिलने आत जावे लागते आणि पहिला भुगा टाकून द्यावा लागतो. शिवाय कानशीच्या पोलादाचे कण त्यात मिसळतात आणि मग तांब्यात लोह सापडल्याचा साक्षात्कार होतो. मुख्य म्हणजे वस्तूला कायमची इजा करायची तर संचालनालयाची लेखी परवानगी हवी आणि ती मागण्यासाठी प्रश्न नेमका हवा. तो अजून नेमका झाला नव्हता.

सराफाचे यंत्र हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते क्ष-किरण प्रतिदीप्तीवर चालते, म्हणजे वस्तूवर क्ष-किरण पाडून परत येणाऱ्या किरणांवरून तिच्यात कोणते धातू आहेत ते ओळखते, आणि वस्तूला इजा करत नाही. पण त्याची मोजणी सोने, चांदी, तांबे, जस्त अशा दागिन्यांतल्या धातूंसाठी बसवलेली असते. ताम्रपाषाण काळात ज्याचा शोध घ्यायचा ते आर्सेनिक बऱ्याचदा त्याच्या यादीतच नसते. यादीत नसलेला धातू यंत्र दाखवत नाही, त्याचा वाटा इतरांत वाटून बेरीज शंभर करून देते. तेच तंत्र, पण आलेख दाखवणारे हातात धरायचे उपकरण एका विद्यापीठाच्या विभागात होते. अभिरक्षकांनी ते मागवले.

उरला धातूची अंतर्रचना पाहण्याचा मार्ग. धारेजवळ चार-पाच मिलिमीटरचा ठिपका घासून आरशासारखा करायचा, फेरिक क्लोराइडने किंचित खरवडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. नुसते ओतलेले तांबे असेल तर झाडाच्या फांद्यांसारखी रचना दिसते. ठोकून, मग तापवून मऊ केलेले असेल तर सरळ कडांच्या जुळ्या पट्ट्यांचे कण दिसतात. त्यानंतर पुन्हा थंड ठोकले असेल तर त्याच पट्ट्या वाकलेल्या, चेपलेल्या दिसतात. घडणीबद्दल इतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. पण त्यासाठी धारेवरचे पुट जाणार होते. निर्णय झाला की आधी इजा न करता जे कळेल ते सगळे काढायचे, आणि हा प्रश्न शिल्लक राहिलाच तर परवानगी मागायची.

काय केले

सुरुवात भिंगाने आणि तिरप्या उजेडाने झाली. विजेरी जवळजवळ आडवी धरली की उंचसखलपणा सावल्यांतून दिसतो. तांबूस बाजू सपाट होती. पुट असलेली बाजू मध्यभागी किंचित फुगीर आणि सुरकुतलेली, धारेकडे मात्र गुळगुळीत होत गेलेली. उघड्या साच्यात, म्हणजे दगडात किंवा मातीत कोरलेल्या वर झाकण नसलेल्या खाचेत, तांबे ओतले की असेच होते. तळाची बाजू साच्याचे रूप घेते, वरची हवेत थिजते. मूस आणि भाता वापरून तांबे १०८५ अंशांवर वितळवायचे, तर ते ओतेपर्यंत हवेतला प्राणवायू ओढून घेते. थिजताना वायू बाहेर पडू पाहतात आणि बुडबुडे वरच्या अंगाला अडकतात.

हे खरे की नाही ते आत पाहिल्याशिवाय ठरत नव्हते, म्हणून क्ष-किरण प्रतिमा काढायचे ठरले. पहिला प्रयत्न जवळच्या रुग्णालयातल्या यंत्रावर झाला आणि फसला. हाडांसाठीचे ते यंत्र साधारण दीडशे किलोव्होल्टच्या आत चालते. अकरा मिलिमीटर तांब्यापुढे ते तोकडे पडले आणि प्रतिमेत कुऱ्हाडीचा पांढरा ठोकळा तेवढा उमटला. ओतीव भागांतले दोष तपासणाऱ्या औद्योगिक केंद्राकडे याहून बरीच जास्त ताकद असते. वस्तू संग्रहालयाबाहेर नेण्याची लेखी परवानगी घेऊन, कर्मचारी सोबत देऊन तिथे दोन प्रतिमा काढल्या, एक समोरून आणि एक कडेवरून. वेळ लागला तो कागदपत्रांना, काम अर्ध्या दिवसाचे.

कडेवरची प्रतिमा पाहताच हा प्रश्न सुटला. मधल्या जाड भागात गोल बुडबुडे होते आणि जवळपास सगळे सुरकुतलेल्या बाजूच्या निम्म्यात. धारेकडे सरकावे तसे ते चपटे होत गेले होते आणि शेवटच्या दोन सेंटीमीटरमध्ये दिसेनासे झाले होते. गोल बुडबुडा चपटा झाला याचा अर्थ तो भाग नंतर ठोकला गेला. कुऱ्हाड उघड्या साच्यात ओतली आणि मग धार ठोकून पातळ केली हे इतपत पक्के झाले. धारेची चंद्रकोरही त्याच ठोकण्याने फाकली असावी. ठोकण्याने धार पातळ होते आणि कठीणही होते. मऊ तांब्याची विकर्स कठीणता ५०च्या आसपास असते, ती थंड ठोकल्यावर शंभरी ओलांडू शकते. मधूनमधून लालसर तापवून मऊ केले होते का, हे प्रतिमेवरून सांगता येत नाही. बरेचसे शुद्ध तांबे न तापवताही खूप ताणले जाते, त्यामुळे धारेला तडे नाहीत एवढ्यावरून ‘तापवले होते’ असे म्हणणे घाईचे झाले असते.

मग विद्यापीठाचे उपकरण आले. इथे एक सापळा आहे. तांब्यातून परत येणारे किरण केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीतून येतात, म्हणजे पुटावर उपकरण टेकवले तर ते पुटाचे विश्लेषण करते. हिरव्या बाजूवर लोह आणि सिलिकॉन भरपूर दिसले. ती शेतातली माती होती. तांबूस बाजू बरी वाटत होती, पण तीही संशयास्पद. ती चिंच-मिठाने घासलेली असावी, आणि आम्लाने पुटातले विरघळलेले तांबे कधीकधी पृष्ठभागावर पुन्हा बसते, मग वरचा थर आतल्या धातूपेक्षा शुद्ध दिसतो. म्हणून धारेवरच्या एका जुन्या टवक्यात, जिथे आतला धातू दिसत होता, तिथे तीन मिलिमीटरच्या झरोक्यातून मोजणी घेतली.

उपकरणाच्या पडद्यावर तांबे, थोडे लोह आणि शिसे सुमारे एक टक्का असे आले. आर्सेनिक शून्य. विभागातल्या तंत्रज्ञाने आकडे बाजूला ठेवून आलेख उघडला, आणि तिथे गोष्ट उलटली. आलेखात आर्सेनिकची मुख्य रेषा, म्हणजे त्याच्या किरणांचा उंचवटा, १०.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि शिशाची १०.५५वर. हे उपकरण त्या दोघींना वेगळे करू शकत नाही, ते अंदाजाने एकीला श्रेय देते. खरे काय ते दुसऱ्या रेषांवरून कळते. शिसे असेल तर १२.६ जवळ जवळपास तितकीच ठळक रेषा हवी, आर्सेनिक असेल तर ११.७ जवळ लहान रेषा हवी. इथे १२.६ला काहीच नव्हते, ११.७ला छोटा उंचवटा होता. म्हणजे धातू आर्सेनिक असलेले तांबे होता. कथिल आणि जस्त नोंद घ्यावी इतके नव्हते. जस्त नाही ही गोष्ट बरी होती, कारण चपट्या कुऱ्हाडीच्या आकारात पितळ निघाले असते तर वस्तूच्या अस्सलपणाचाच प्रश्न आला असता. आर्सेनिकचा टक्का मात्र छापायचा नाही असे ठरले. एका टवक्यावरची मोजणी, शेजारी पुट, जुळणारा प्रमाणित नमुना नाही. ‘आर्सेनिक आहे’ एवढेच म्हणणे सचोटीचे होते.

आता काळाचा प्रश्न. नोंदवहीतली ‘खापरे, एक पिशवी’ कोठारात सापडायला दोन दिवस लागले. पिशवीवर तोच आवक क्रमांक होता, आत एकोणीस तुकडे. त्यातले सात लाल रंगावर काळ्या रेघांचे, पातळ आणि खणखणीत भाजलेले, त्यांपैकी दोन कंबरेपाशी मोड असलेल्या वाडग्याचे आणि एक तोटीचा. हा जोर्वे खापरांचा ओळखीचा चेहरा आहे. कुऱ्हाडीच्या आकारापेक्षा या पिशवीचे वजन जास्त. चपटी कुऱ्हाड हडप्पा काळापासून शतकानुशतके घडवली गेली, नुसत्या आकारावरून शतक सांगणे शक्य नाही. नक्षी आणि घडण दर दोन-तीनशे वर्षांनी बदलते, म्हणून खापर बोलके असते.

पण पिशवीही काय सांगते ते जपून वाचायचे. खापरे आणि कुऱ्हाड एकाच शेतातली, एकाच खड्ड्यातली असे नोंद म्हणत नाही. नांगर अनेक काळांचे थर एकत्र आणतो. जागा पाहून यावे म्हणून अभिरक्षक आणि एक सहकारी नदीकाठी गेले. त्या पट्ट्यात सपाटीकरण होऊन ऊस उभा होता. बांधाच्या कापलेल्या कडेला तशीच खापरे दिसली. त्यांनी छायाचित्रे घेतली, जागा टिपली, काही उचलले नाही आणि राज्य पुरातत्त्व विभागाला पत्र दिले.

‘धातूतल्या घटकांवरून काळ काढता येईल’ हा विचार बैठकीत एकाने मांडला होता. त्याला प्रवरेकाठच्याच दायमाबादचे उदाहरण पुरेसे आहे. १९७४ साली झाडाची मुळे खणताना तिथे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार जड शिल्पे मिळाली. नंतर त्या गावात रीतसर उत्खनन झाले, शिल्पांचे रासायनिक विश्लेषण झाले, त्यात आर्सेनिक निघाले. तरी ती उत्तर हडप्पा काळातली की नाहीत हा वाद मिटला नाही, कारण ती थरातून वर आली नव्हती. आर्सेनिकच्या आधारे एकाच नव्हे, दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो.

निष्पत्ती

विद्यार्थिनीला साडेचार पानी उत्तर गेले. त्यातला एक परिच्छेद:

“स. न. वि. वि. आपण विचारलेल्या वर्षाला आमच्याकडे चाचणीचा आधार नाही. कार्बन चाचणी तांब्यावर होत नाही. ती तांब्यासोबत त्याच थरात मिळालेल्या कोळशावर किंवा धान्यावर होते, आणि त्यातही धान्य बरे, कारण कोळसा जुन्या झाडाच्या गाभ्याचा असेल तर थराहून शंभर-दोनशे वर्षे जुना निघू शकतो. क्वचित तांब्याच्या क्षारांमुळे लगतचा दोरा टिकतो, नेवासे येथील तांब्याच्या मण्यांत तसे तंतू मिळाले. आपल्या कुऱ्हाडीजवळ यातले काहीच जपले गेले नाही. सोबतच्या खापरांवरून ती जोर्वे काळातली असण्याची शक्यता जास्त, इतकेच आज म्हणता येते.”

पाटी बदलली: ‘चपटी कुऱ्हाड. आर्सेनिक असलेले तांबे. उघड्या साच्यात ओतून धार ठोकून केलेली. शेतात नांगरताना मिळाली. सोबत दिलेल्या खापरांवरून बहुधा इ.स.पू. १४०० ते १०००.’ शेजारी कडेवरची क्ष-किरण प्रतिमा लावली. बुडबुडे कुठे गोल आणि कुठे चपटे हे आता प्रेक्षकांना बोट ठेवून दाखवता येते. पिशवीतली खापरेही त्याच कपाटात आली.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा हवा होता. नोंदवही आणि कोठार यांचा खर्च शून्य, तरी खापरांची पिशवी सर्वांत शेवटी उघडली गेली. ती आधी मिळाली असती तर संचालनालयाकडे जाणारा परवानगीचा अर्जही जास्त नेमका झाला असता.

रुग्णालयाची फेरी टाळता आली असती. धातूचा प्रकार आणि जास्तीत जास्त जाडी सांगून आधी एक फोन केला असता, तर वस्तू एकदा कमी हलली असती. जुन्या वस्तूला सर्वांत जास्त धोका प्रवासातच असतो.

मोठे नुकसान मात्र या तपासाच्या कितीतरी आधी झाले होते. तांबूस बाजू कुणीतरी चमकावी म्हणून घासली. दांडा बांधायला लाकूड, चामडे किंवा दोरी वापरली असेल, तर तिचा ठसा पुटातच राहतो, आणि कार्बन चाचणीला लागणारे तंतू असलेच तर तेही तिथेच. त्या बाजूवर आता भिंगाखाली समांतर ओरखडे आहेत, दुसरे काही नाही. हिरव्या बाजूची मागच्या टोकाकडची पट्टी अजून कुणी तपासलेली नाही, आणि धारेवर ठिपका घासण्याची परवानगी मागायची झाली तरी आधी तीच पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असे ठरले आहे. विद्यार्थिनीने त्या दिवशी हजर राहायची विनंती केली आहे, अभिरक्षकांनी होकार कळवला आहे.